मडकं वाजवून घेताना

कुंभाराकडून मडकं घेणारी बाई आधी ते बोटाच्या पेराने वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घेते, बद्द वाजलं तर बाजूला ठेवते. मडक्यात पाणी भरून, चुलीवर चढवून पाहण्याची तिला गरज वाटत नाही. एक टोला मारायचा, हात काढून घ्यायचा आणि पुढे मडकं काय बोलतं ते ऐकायचं, एवढ्यावर तिचा निर्णय होतो. सिस्टिम लीनियर असेल आणि काळानुसार बदलत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक्समध्येही हेच चालतं. टोल्यानंतरचं ते बोलणं म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स.

हा विषय शिकवणाऱ्यांत दोन तट आहेत आणि प्रस्तुत लेखक पहिल्यापासून एका तटावर उभा आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की इम्पल्स ही कागदावरची कल्पना आहे. शून्य रुंदीचा आणि अनंत उंचीचा पल्स कोणत्याही जनरेटरमधून निघत नाही. तेव्हा मुलांना आधी साइन वेव्ह द्या, ट्रान्सफर फंक्शन काढायला लावा आणि इम्पल्सचं प्रकरण शेवटी जमलं तर उरका. आज बहुतेक वर्गांत हाच क्रम चालतो. तो उलटा आहे, हे दाखवायला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरेसा आहे.

रेझिस्टर १० किलोओमचा आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा घ्यावा. इनपुट रेझिस्टरमधून जातं आणि आउटपुट कपॅसिटरवर मोजायचं. गुणाकार केला की टाइम कॉन्स्टंट बरोबर १ मिलिसेकंद येतो, हिशेबाला सोपा. आता फंक्शन जनरेटरमधून १० व्होल्ट उंचीचा, ५० मायक्रोसेकंद रुंदीचा एकच पल्स द्यावा. टाइम कॉन्स्टंटच्या मानाने हा वेळ विसावा हिस्सा. तेवढ्यात कपॅसिटर ०.४८८ व्होल्टपर्यंत चढतो आणि मग ओसरू लागतो. पल्स सुरू झाल्यापासून १ मिलिसेकंदाने सीआरओवर वाचलं तर ०.१८९ व्होल्ट मिळतात.

मग पल्सची उंची निम्मी करावी, ५ व्होल्ट, आणि रुंदी दुप्पट, १०० मायक्रोसेकंद. दिसायला हा अगदी वेगळा पल्स आहे. पण १ मिलिसेकंदाला वाचलेला आकडा ०.१९३ व्होल्ट. दोन्ही पल्समध्ये सारखं काय, तर क्षेत्रफळ: व्होल्ट गुणिले वेळ, म्हणजे ०.५ मिलिव्होल्ट-सेकंद. सर्किटला पल्सचा आकार कळतच नाही, क्षेत्रफळ तेवढं कळतं. उरलेला किरकोळ फरकही वेळ पल्सच्या सुरुवातीपासून न मोजता मध्यापासून मोजला की जवळजवळ नाहीसा होतो.

याच क्षेत्रफळाचा पल्स आणखी पसरवून ०.५ व्होल्ट आणि १ मिलिसेकंद केला, तर त्याच वेळी ०.३१६ व्होल्ट मिळतात आणि सगळा मेळ बिघडतो. म्हणजे ‘इम्पल्स’ हा शब्द अनंताशी बांधलेला नाही. समोरच्या सर्किटच्या मानाने पुरेसा आखूड, एवढाच त्याचा प्रयोगशाळेतला अर्थ. या सर्किटला ५० मायक्रोसेकंद आखूड आहेत. दुसऱ्या एखाद्या सर्किटला तेच युगासारखे लांब ठरतील.

हा प्रयोग केलेल्या मुलाला इम्पल्स रिस्पॉन्सचं सूत्र पाठ करावं लागत नाही:

```
h(t) = (1/RC) · e^(−t/RC),   t ≥ 0
```

इथे `1/RC` म्हणजे १००० प्रति सेकंद. परीक्षेत सूत्र अचूक लिहिणाऱ्यांपैकी कितीजण हे एकक सांगू शकतात, ते तोंडी परीक्षा घेणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावं. `h(t)` हा व्होल्टेज नव्हे. त्याला इनपुटच्या क्षेत्रफळाने गुणलं की व्होल्टेज मिळतो. ०.५ मिलिव्होल्ट-सेकंद गुणिले १००० प्रति सेकंद बरोबर अर्धा व्होल्ट, आणि सीआरओवरचा ०.४८८ त्याच्याच शेजारी बसतो.

या टोल्यावरून बाकी सगळं कसं निघतं, तेही हाताने करून पाहण्यासारखं आहे. इनपुटला ५ व्होल्ट पूर्ण १ मिलिसेकंद दिले, असं समजू. त्याचे ०.१ मिलिसेकंदाचे दहा काप करावेत. प्रत्येक काप म्हणजे आपलाच ओळखीचा ०.५ मिलिव्होल्ट-सेकंदाचा टोला. मिलिसेकंद संपताना पहिल्या कापाचं वय ०.९५ मिलिसेकंद झालेलं असतं आणि त्याचा प्रभाव बराच विरलेला असतो. शेवटच्या कापाचं वय फक्त ०.०५, तो अजून ताजा. प्रत्येकाचा अर्धा व्होल्ट त्याच्या वयाप्रमाणे ओसरवून बेरीज केली की ३.१५९ व्होल्ट येतात. पुस्तकातल्या चार्जिंगच्या सूत्राने उत्तर येतं ३.१६१. मुलं ज्या कॉन्व्होल्यूशनच्या नावाने धसका घेतात, ते एवढंच आहे: जुन्या टोल्यांची त्यांच्या वयानुसार केलेली बेरीज.

ट्रान्सफर फंक्शनवर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, म्हणून इथे थोडक्यात. `h(t)` ला `e^(−st)` ने गुणून शून्यापासून पुढचं क्षेत्रफळ काढलं की मिळतं:

```
H(s) = 1/(1 + sRC)
```

नवी माहिती यात काहीच आलेली नाही. टोल्याची ओसरण सेकंदाला १००० या दराने होत होती, तोच आकडा आता `s = −1000` या पोलच्या वेशात येतो. `h(t)` खालचं एकूण क्षेत्रफळ १ आहे, म्हणून डीसीला गेनही १. `s` च्या जागी `jω` घातलं की १५९ हर्ट्झला आउटपुट ०.७०७ पट आणि ४५ अंश मागे, आणि १००० हर्ट्झला ०.१५७ पट आणि सुमारे ८१ अंश मागे. कॉन्व्होल्यूशनच्या जागी साधा गुणाकार येतो, ही सोय मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. आखूड टोल्यात ऊर्जा थोडी असते, आणि उंची वाढवून ती भरून काढायला गेलं तर अॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो. नॉइज जास्त असेल तिथे साइन वेव्हनेच मोजणं बरं.

गुणाकाराची ही सोय ज्यांनी रूढ केली ते ऑलिव्हर हेविसाइड तार कंपनीच्या नोकरीतून आलेले होते. `d/dt` ला त्यांनी सरळ `p` म्हटलं आणि तो साधा आकडा असल्यासारखा भागाकारात वापरला. त्यांच्या या ऑपरेटरांवरच्या लेखमालेचा तिसरा भाग १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने परत पाठवला, कारण त्यात गणिती काटेकोरपणा नव्हता. इम्पल्सला आज आपण ज्यांच्या नावाने ओळखतो त्या डिरॅक यांची पहिली पदवी ब्रिस्टलची, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. ज्या वस्तूला गणिती अधिष्ठान मिळायला लोरां श्वार्ट्झ यांच्यापर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं, ती इंजिनिअरांनी कितीतरी आधी वापरात आणली होती.

आता एक फसगत. प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकं घेत असताना तिथे फंक्शन जनरेटर मोजकेच होते, म्हणून मुलांना बॅटरी आणि दाबायचं बटण देण्यात आलं. दाबलं, सोडलं, की झाला पल्स. सीआरओवर ओसरणारा वक्र उमटेल, या अपेक्षेने सगळे बघत राहिले आणि दिसली जवळजवळ आडवी रेघ. कपॅसिटर बदलले, रेझिस्टर बदलले, रेघ तशीच. अखेर टाइमबेस सेकंदावर नेल्यावर ती अगदी सावकाश उतरताना दिसली, टाइम कॉन्स्टंट सुमारे १ सेकंद.

कारण साधं होतं. बटण सोडल्यावर इनपुट शून्य व्होल्टवर येत नाही, ते तुटतं. कपॅसिटरला रेझिस्टरमधून परत जायला वाटच उरत नाही आणि तो प्रोबच्या १० मेगओममधून रिता होतो. १० मेगओम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, बरोबर १ सेकंद. टोला मारताना सर्किटच बदललं होतं, म्हणजे ‘काळानुसार न बदलणारी सिस्टिम’ ही अटच मोडली होती. वर्षभर फळ्यावर लिहूनही जी अट मुलांच्या लक्षात राहत नसे, ती त्या आडव्या रेघेने कायमची बसवली. आता बहुतेक ठिकाणी हे प्रात्यक्षिक संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये होतं. तिथला पल्स सोर्स संपताना निमूटपणे शून्यावर येतो, आडवी रेघ कधी दिसत नाही, आणि ती का दिसू शकते हे विचारण्याची वेळही कोणावर येत नाही. ही हानी मोठी आहे.

दुसरी अट लीनिअरिटीची. ती तपासायची तर पल्सची उंची दुप्पट करून आउटपुट दुप्पट होतं का ते पाहावं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर इथे अनेकदा उघडे पडतात. त्यांतल्या काही प्रकारांचा कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर घटतो, म्हणून ओसरण्याचा दर सुरुवातीला वेगळा आणि शेवटी वेगळा दिसतो. पॉलिएस्टर फिल्मचा कपॅसिटर बसवला की ही कुरकूर थांबते.

शेवटी टोल्याची बाजू सर्वांत ठामपणे मांडणारं उदाहरण. असाच दुसरा आरसी पहिल्याच्या आउटपुटला जोडावा. दोन `H(s)` चा गुणाकार करून मोकळं होण्याचा मोह इथे अनावर असतो. तसं केलं तर १५९ हर्ट्झला गेन ०.५ येतो. प्रत्यक्षात ०.३३ मिळतो, कारण दुसरा भाग पहिल्यातून करंट ओढतो. भाजकातलं मधलं पद `2sRC` नसून `3sRC` असतं. १५९ हर्ट्झला फेज मात्र दोन्ही हिशेबांत ९० अंशच येते, म्हणून नुसती फेज पाहणारा हमखास फसतो. टोला फसवत नाही. दोन भागांमध्ये बफर असेल तर आउटपुटचं शिखर १ मिलिसेकंदाला ०.१८४ व्होल्टवर येतं. बफर नसेल तर ०.८६ मिलिसेकंदाला ०.१३७ व्होल्टवर, आणि मागे लांबलचक शेपूट राहतं, कारण मोठा टाइम कॉन्स्टंट आता २.६२ मिलिसेकंदांचा झालेला असतो.

एका आरसीत टोल्याबरोबर आउटपुट उडी घेत होतं. दोन जोडताच ते शून्यापासून चढू लागलं, उशीर आला. असे असंख्य आरसी एकमेकांना जोडत गेलं की होते समुद्राखालची तार. तिच्यात तांब्याचा रेझिस्टन्स आणि भोवतालच्या पाण्याशी असलेला कपॅसिटन्स हे दोन्ही लांबीबरोबर वाढतात. म्हणून लांबी दुप्पट केली की उशीर चौपट होतो, असं विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५० च्या दशकातच दाखवलं. १८५८ च्या अटलांटिक तारेवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. थॉमसन यांनी पसरट टोल्यांचा थोडासा चढही दिसावा म्हणून आरशाचा नाजूक गॅल्व्हनोमीटर बनवला. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये तार टाकली, तेव्हा अरबी समुद्राच्या तळाशी हीच आरसींची साखळी पसरली होती. मुंबईत बसलेला तारवाला एडनहून मारलेल्या टोल्याची ओसरण वाचत असे.