धातूचे दाणे किती बारीक असावेत?

जस्ताचा मुलामा दिलेली नवी बादली उन्हात धरली, की तिच्या अंगावर पिसांसारखी चकचकीत नक्षी दिसते. ती कोणी काढलेली नसते. वितळलेलं जस्त गोठताना ठिकठिकाणी स्फटिक वाढू लागतात आणि एकमेकांना भिडले की थांबतात. नक्षीतला प्रत्येक तुकडा म्हणजे जस्ताचा एक दाणा. बहुतेक धातू अशाच दाण्यांचे बनलेले असतात. फक्त ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. हाड जोडण्यासाठी बसवतात त्या पोलादी पट्टीतले दाणे सरासरी सहा-सात शतांश मिलिमीटरहून मोठे असू नयेत, असा प्रमाणित निकष आहे. कारण दाणे बारीक, तर धातू मजबूत.

हे का होतं? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून एकदम घसरत नाहीत. मोठी सतरंजी सरकवायची तर आपण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेतो. स्फटिकातही अशीच अणूंच्या रचनेतली एक ‘सुरकुती’ सरकत जाते. पण शेजारच्या दाण्यात अणूंच्या ओळींची दिशा वेगळी असते. त्यामुळे सुरकुती दाण्याच्या सीमेवर अडते आणि तिच्या मागे आणखी सुरकुत्यांची रांग लागते.

केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग आठवा. रांग जितकी लांब, तितका पुढच्या माणसावर मागून रेटा जास्त. मोठ्या दाण्यात रांग लांब होते, रेटा वाढतो आणि सीमा लवकर ओलांडली जाते. लहान दाण्यात लांब रांगेला जागाच नसते. मग तेच काम करायला बाहेरून जास्त जोर लावावा लागतो.

ई. ओ. हॉल यांनी 1951 मध्ये आणि एन. जे. पेच यांनी 1953 मध्ये लोखंड-पोलादावर काम करताना याचा नियम मांडला. दाणा शंभरपट लहान केला, की मजबुतीतला दाण्यांचा वाटा दहापट होतो. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची मऊ तार घ्या. कायमची ताणली जाण्याआधी ती किती वजन पेलेल? दाण्यांशी संबंध नसलेला भाग साधारण अडीच किलोंचा. दाणे एक दशांश मिलिमीटरचे असतील, तर त्यांचा वाटा एक किलोच्या थोडा वर, म्हणजे एकूण साडेतीन किलो. दाणे शंभरपट बारीक केले, तर एकूण साडेतेरा किलो. आणखी शंभरपट बारीक, म्हणजे 10 नॅनोमीटर केले, तर गणिताप्रमाणे एकशे दहा किलोंच्या वर!

पण धातू इथे गणिताला जुमानत नाही. अतुल चोक्षी, हर्बर्ट ग्लायटर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये नॅनो दाण्यांचं तांबं आणि पॅलेडियम तपासलं, तेव्हा दाणे बारीक होतील तसा धातू मऊ होताना दिसला. त्यावर शंका घेतली गेली, आणि ती रास्त होती. असे नमुने बारीक भुकटी दाबून बनवले जात, आणि आत पोकळ्या राहिल्या असतील तर नमुना तसाही मऊच लागणार. 2003 मध्ये डेन्मार्कच्या शिऑट्झ आणि याकोबसेन यांनी संगणकावर अणू-अणूने पोकळीविरहित तांबं रचून पाहिलं. तरीही मजबुती 10 ते 15 नॅनोमीटरच्या आसपास शिखर गाठून पुढे उतरू लागली.

कारण सीमांमध्येच आहे. 10 नॅनोमीटरच्या दाण्यात सुरकुत्यांची रांग लागतच नाही. शिवाय सीमेचा थर दाण्याभोवती एक नॅनोमीटर जाडीचा धरला, तर धातूचा साधारण पाव हिस्सा सीमेतच जातो. तिथले अणू विस्कळीत असतात. मग दाणे आतून वाकण्याऐवजी एकमेकांवरून घसरतात, पोत्यातल्या ज्वारीसारखे. बारीक दाण्यांत अडथळा ठरणारी सीमा आता कच्चा दुवा बनते.

म्हणजे उतरण अटळ आहे असं नाही. 2017 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी निकेलमध्ये थोडं मॉलिब्डेनम मिसळलं आणि बेताची उष्णता दिली. त्यामुळे सीमा स्थिर झाल्या आणि 10 नॅनोमीटरखालीही धातूचा कठीणपणा वाढत राहिला. आकाराइतकीच सीमेची घडी महत्त्वाची.

दातांच्या रोपणासाठी काही ठिकाणी शुद्ध टायटॅनियमचे दाणे दाबून, पिळून काही शे नॅनोमीटरपर्यंत बारीक करतात. त्यामुळे ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम न मिसळताही ते पुरेसं मजबूत होतं. दहा नॅनोमीटरच्या कड्यापासून हा आकार बराच दूर आहे. आणखी बारीक करण्यात दुसरीही अडचण असते. दाणे फार बारीक झाले, की धातू ताणला न जाता लवकर तुटतो. हाडाची पट्टी तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवावी लागते. तिथे न मोडता वाकणं हाही मजबुतीइतकाच आवश्यक गुण आहे.