पाइल किती खचेल?

जमीन मऊ असली म्हणजे मोठ्या इमारतीसाठी खोल भोक पाडून त्यात सळया आणि काँक्रीट भरतात. जमिनीत गाडलेल्या या खांबाला पाइल म्हणतात. वरचा भार तो दोन मार्गांनी मातीला देतो: अंगाभोवतीच्या मातीच्या घर्षणाने आणि तळाखालच्या मातीच्या आधाराने. दोन्हींची बेरीज केली की पाइलची ताकद कळते. पण तो किती खचेल हे मात्र त्या बेरजेतून कळत नाही, कारण हे दोन आधार एकाच वेळी पूर्णपणे कामाला लागत नाहीत.

पाइल मातीच्या मानाने थोडा तरी खाली सरकल्याशिवाय घर्षण उत्पन्न होत नाही. सरकणे वाढते तसे घर्षण वाढते आणि काही मिलिमीटरांतच ते आपली कमाल गाठते. तळाची गोष्ट निराळी. तेथील माती दबून पूर्ण आधार देईपर्यंत पाइल आपल्या व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका खाली जावा लागतो. सरकणे आणि मिळणारा आधार यांचा आलेख म्हणजे भार-संक्रमण वक्र. अंगासाठी एक, तळासाठी दुसरा. अमेरिकेत सीड व रीस यांनी १९५७ साली आणि कॉइल व रीस यांनी १९६६ साली चिकणमातीतील पाइलसाठी अशा वक्रांवरून खचण्याचे गणित मांडले.

ते गणित करून पाहू. आपला पाइल ६० सेंटिमीटर व्यासाचा, १२ मीटर लांब आणि घट्ट चिकणमातीत आहे. त्याचे ४ मीटरचे तीन भाग पाडू. प्रत्येक भागाचे घर्षण ६ मिलिमीटर सरकेपर्यंत सारखे वाढते आणि ३८ टनांवर थांबते, असे धरू. तळ ३ मिलिमीटरला ८ टन, ६ ला ११, १२ ला १४ आणि ६० मिलिमीटरला २५ टन आधार देतो.

गंमत अशी, की हे गणित खालून वर करायचे असते. वर किती भार आहे हे न विचारता तळ ३ मिलिमीटर खचला असे गृहीत धरायचे. मग तळाचा आधार ८ टन. सर्वांत खालचा भागही साधारण तेवढाच सरकला, म्हणून त्याचे घर्षण १९ टन. त्याच्या माथ्यावर भार झाला २७ टन. या भाराने काँक्रीट स्वतःही दबते, सुमारे ०.१ मिलिमीटर. म्हणून त्या भागाचा माथा ३.१ मिलिमीटर खाली गेला. मधला भाग याच रीतीने २० टन घेतो, आणि आखूड होतो ०.२ मिलिमीटर. वरचा भाग २२ टन घेतो, ०.३ मिलिमीटर आखूड होतो. म्हणजे पाइलच्या माथ्यावर ६९ टन भार असताना तो सुमारे ३.६ मिलिमीटर खचतो.

आता तळ ६ मिलिमीटर खचला असे धरून पुन्हा करा. माथ्यावर १२५ टन येतात, खचणे सुमारे ७ मिलिमीटर. तळ १२ धरला तर १२८ टन, खचणे १३. आणि तळ ६० मिलिमीटर धरला तर १३९ टन, खचणे ६१. हे चार बिंदू आलेखावर मांडले की वाकण स्पष्ट दिसते: पहिल्या ७ मिलिमीटरांत १२५ टन पेलले, पुढचे १४ टन मिळवायला ५४ मिलिमीटर खचावे लागले!

भारतीय मानकातील चाचणीचा नियम यावर लावून पाहा. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या पाइलसाठी १२ मिलिमीटर खचण्याच्या भाराचा दोन-तृतीयांश, किंवा व्यासाच्या एक-दशांश खचण्याच्या भाराचा अर्धा, यांतील लहान तो सुरक्षित भार. आपल्याकडे पहिला सुमारे ८५ टन, दुसरा ६९.५. म्हणजे हा पाइल जवळजवळ ६९ टनांवरच वापरायचा. त्या भाराला तळ केवळ ८ टन उचलतो. बाकीचे ६१ टन अंगाचे घर्षण.

भोकाच्या तळाशी गाळ राहून गेला असेल तर तळाचा वक्र सुरुवातीला जवळजवळ आडवा होतो. वापरातल्या भाराला याचा फारसा पत्ता लागत नाही, कारण तेव्हा घर्षणच काम करत असते. पण घर्षण संपले की पाइल एकदम खाली जाऊ लागतो. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी भोक धुऊन खोली पुन्हा मोजतात. चाचणीच्या पाइलमध्ये निरनिराळ्या खोलीवर विकृतिमापक बसवतात. काँक्रीट किती दबले यावरून त्या त्या पातळीवरचा भार निघतो, आणि दोन पातळ्यांतील फरक म्हणजे मधल्या मातीने घेतलेले घर्षण. खरे वक्र असेच मिळतात.

या रीतीत प्रत्येक भागाजवळची माती स्वतंत्र स्प्रिंगसारखी मानली आहे. शेजारी दुसरा पाइल असला तर तो आपल्याभोवतीची मातीही खाली ओढतो, आणि दोन्ही अधिक खचतात. त्यामुळे एका पाइलचा हा आलेख पाइलच्या समूहाला तसाच लावता येत नाही. काही चिकणमातींत तर घर्षण कमाल गाठल्यावर थोडे घसरतेही. तेव्हा आपण सपाट धरलेली रेघ खाली उतरती काढावी लागते.