सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर वर्षाला किती युनिट खातो? उत्तर पाटीवरच्या दोन आकड्यांत

नागपूर : सोसायटीच्या मुख्य मीटरवर आलेले युनिट आणि सगळ्या फ्लॅटच्या सबमीटरची बेरीज कधीच जुळत नाही. मेंटेनन्सच्या बैठकीत यावरून दर उन्हाळ्यात वाद होतो. या फरकाचा काही भाग गेटजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्येच जळतो. तो किती, हे मोजता येते.

आधी एक गोष्ट तपासा. प्रत्येक फ्लॅटला महावितरणचे स्वतंत्र मीटर असेल, तर ट्रान्सफॉर्मर सोसायटीच्या जागेत उभा असला तरी त्याचा लॉस महावितरणच्या खात्यात जातो. सोसायटीने ११ केव्हीवर एकच उच्चदाब जोडणी घेतली असेल आणि मीटरही त्याच बाजूला असेल, तर मात्र हा लॉस मीटरच्या पुढे होतो. म्हणजे त्याचे पैसे रहिवासी भरतात.

ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज दोन ठिकाणी वाया जाते. एक लोखंडी गाभ्यात. जवळ उभे राहिले की जो गुंजारव ऐकू येतो, तो याच गाभ्याचा. हा नो-लोड लॉस. सगळी सोसायटी दिवाळीला गावी गेली तरी तो चोवीस तास तेवढाच राहतो. दुसरा गुंडाळीच्या तारांमध्ये, म्हणजे कॉपर लॉस. गुंडाळी अॅल्युमिनियमची असली तरी नाव हेच. हा लोडच्या वर्गाने वाढतो. लोड दुप्पट झाला की लॉस चौपट.

आयएस ११८० या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीपासून वितरण ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर एकूण लॉसचे दोन आकडे असतात, ५० टक्के लोडचा आणि १०० टक्के लोडचा. नो-लोड लॉस वेगळा दिसला नाही तरी या दोन्हींतून तो काढता येतो.

उदाहरणादाखल बेसा भागातली १५० फ्लॅटची एक सोसायटी धरू. ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीएचा, पाटीवर १,०२५ आणि ३,१०० वॅट. अर्ध्या लोडवर कॉपर लॉस पूर्ण लोडच्या एक चतुर्थांश असतो. म्हणून दोन आकड्यांतला २,०७५ वॅटचा फरक हा पूर्ण कॉपर लॉसचा तीन चतुर्थांश भाग झाला. पूर्ण कॉपर लॉस निघतो २,७६७ वॅट, आणि उरलेले ३३३ वॅट नो-लोड.

नो-लोडचा हिशेब सरळ आहे. ३३३ वॅट गुणिले वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे सुमारे २,९१७ युनिट.

कॉपर लॉससाठी लोड तासांप्रमाणे पाहावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्याचे ९० दिवस धरा. रात्री एसी-कूलर सुरू असतानाचे सहा तास लोड ८० टक्के, बाकी १८ तास ४० टक्के. एवढ्यात १,६७३ युनिट जातात. उरलेल्या २७५ दिवसांत संध्याकाळचे पाच तास ४० टक्के आणि बाकी वेळ २० टक्के लोड धरला, तर जेमतेम १,१८७ युनिट. पावणेनऊ-नऊ महिन्यांपेक्षा तीन महिने भारी पडतात ते असे.

दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ५,७८० युनिट. फ्लॅटमागे साधारण ३८. आपल्या बिलावरच्या दराने गुणले की रुपये मिळतात.

इथे एक चूक हमखास होते. वर्षाचा सरासरी लोड, या उदाहरणात साडेतीस टक्के, घेऊन त्याचा वर्ग केला जातो. तसे केले तर कॉपर लॉस २,२६० युनिटच दिसतो, खऱ्यापेक्षा ६०० कमी. आधी वर्ग, मग सरासरी, हाच क्रम बरोबर. शिवाय पाटीवरचे आकडे ७५ अंश तापलेल्या गुंडाळीचे असतात. मे महिन्यात गुंडाळी ९५ अंशांवर गेली, तर तांब्याचा रोध वाढून त्या तासांचा कॉपर लॉस आणखी सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो.

आता बैठकीतला वाद. या सोसायटीत ऑगस्टमध्ये ट्रान्सफॉर्मरचा लॉस ३८० युनिटच्या आसपास असायला हवा आणि मे महिन्यात ८२५ च्या. मुख्य मीटर आणि सबमीटरमधला फरक दोन-तीन हजार युनिट येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर खापर फोडण्यात अर्थ नाही. सगळी रीडिंग एकाच दिवशी घेतली का, लिफ्ट-पंप-पार्किंगचे दिवे सबमीटरवर आहेत का, एखाद्या मीटरच्या सीटीचे गुणोत्तर चुकीचे धरले आहे का, हे आधी पाहावे लागते.

नव्या, अर्धवट भरलेल्या स्कीममध्ये चित्र उलटे असते. दीडशेपैकी तीसच फ्लॅटमध्ये लोक राहायला आले असतील, तर कॉपर लॉस नगण्य, पण नो-लोडचे २,९१७ युनिट तसेच. ते फक्त राहत्या फ्लॅटवर वाटले, तर प्रत्येकी वर्षाला ९७ युनिट होतात. रिकाम्या फ्लॅटचा वाटा बिल्डरने भरायचा की रहिवाशांनी, हे पझेशनच्या कागदांवर सही करण्याआधीच विचारून घेतलेले बरे.