दोन टक्के, पण कशावर?

गृहकर्ज मंजूर झाले की बँक किंवा गृहवित्त कंपनी मंजुरीपत्र देते आणि त्यासोबत परतफेडीचा तक्ता. दोन्ही बहुधा इंग्रजीत असतात. घरातला शिकलेला मुलगा किंवा कर्ज मिळवून देणारा एजंट ‘दर साडेआठ टक्के, हप्ता सव्वीस हजार, मुदत वीस वर्षे’ एवढे सांगतो आणि सह्या होतात. सांगितलेले खरेच असते, पण कर्ज पुढे महाग कशाने होईल ते त्यात नसते. म्हणून मंजुरीपत्र मराठीत करताना खरी मेहनत दंड आणि बदलता व्याजदर या दोन कलमांवर घ्यायला हवी.

आधी दंडाचे कलम पाहू. ‘थकबाकीवर दोन टक्के दंड’ हे त्याचे नेहमीचे भाषांतर. हे वाचून कर्जदार काय समजेल? सावकारी व्यवहारात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणजे महिन्याला दोन टक्के. बँकेच्या पत्रातला दर बहुतेक वेळा वार्षिक असतो, ज्याला जुन्या कागदपत्रांत ‘द.सा.द.शे.’ लिहीत, म्हणजे दर साल दर शेकडा. काही संस्था मात्र दंड दरमहा आकारतात. शिवाय ‘थकबाकी’ म्हणजे चुकलेला हप्ता की उरलेले सगळे कर्ज, हेही त्या वाक्यातून कळत नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. कर्ज 30 लाखांचे, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षे, तर हप्ता 26,035 रुपये. पहिलाच हप्ता 30 दिवस उशिरा भरला असे धरू. चुकलेल्या हप्त्यावर वर्षाला दोन टक्के दंड असेल तर तो सुमारे 43 रुपये होतो. त्याच हप्त्यावर महिन्याला दोन टक्के असेल तर 521 रुपये. आणि वर्षाला दोनच टक्के, पण उरलेल्या सगळ्या कर्जावर असेल, तर जवळपास 4,930 रुपये. तिन्ही ठिकाणी आकडा ‘दोन टक्के’च आहे.

म्हणून हे कलम मराठीत असे लिहावे: ‘हप्ता ठरलेल्या तारखेला न भरल्यास, न भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर, ठरलेल्या तारखेपासून प्रत्यक्ष भरण्याच्या तारखेपर्यंत, वर्षाला 2 टक्के दराने दंड आकारला जाईल.’ त्याखाली एका हप्त्याचे उदाहरण रुपयांत द्यावे. मूळ पत्रात रक्कम किंवा काळ स्पष्ट नसेल तर भाषांतरकाराने अंदाजाने ती जागा भरू नये. तिथे खूण करावी आणि बँकेकडून लेखी खुलासा घ्यायला सांगावे.

याबाबत रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी परिपत्रक काढले आणि ते नव्या कर्जांना 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यानुसार दंड व्याजदरात मिसळून ‘दंडव्याज’ म्हणून घेता येत नाही. तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्या आकारावर पुढे व्याज लावता येत नाही. थकलेल्या रकमेवर कर्जाचे नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते. खात्यात पैसे नसल्याने हप्ता वळता झाला नाही, तर त्याचे शुल्क आणखी वेगळे असते आणि ज्या बँकेत बचत खाते आहे तीही आपले शुल्क घेते. भाषांतरात या सगळ्यांसाठी ‘दंड’ हा एकच शब्द वापरला, तर कर्जदाराला कशाचे किती पैसे गेले ते कधीच कळणार नाही.

आता परतफेडीचा तक्ता. त्यात शब्द थोडे आणि आकडे फार, म्हणून तो सहसा तसाच सोडून दिला जातो. स्तंभांची शीर्षके मराठीत करायला दहा मिनिटे पुरतात: हप्ता क्रमांक, तारीख, आधीची शिल्लक मुद्दल, हप्ता, त्यातले व्याज, त्यातली मुद्दल, उरलेली मुद्दल. त्यानंतर पहिली ओळ कर्जदारासोबत बसून वाचावी. 30 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचे व्याज 2,55,000 रुपये, त्याचा बारावा भाग 21,250 रुपये. 26,035 रुपयांच्या हप्त्यातून हे व्याज वजा जाता मुद्दल फिटते अवघी 4,785 रुपयांची. पाच वर्षांत साडेपंधरा लाखांहून अधिक भरूनही मुद्दल फक्त साडेतीन लाखांच्या आसपास कमी होते, आणि हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त व्हायला जवळपास बारा वर्षे जातात. हे ज्याने पाहिले, त्याला हातात आलेला बोनस पहिल्या काही वर्षांतच कर्जात भरण्याचा फायदा वेगळा समजवावा लागत नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात अशी मुदतीआधीची परतफेड केल्याबद्दल दंड घेता येत नाही.

मात्र हा तक्ता दर बदलणार नाही असे धरून केलेला असतो. बँकांची बदलत्या दराची बहुतेक नवी गृहकर्जे रेपो दराशी जोडलेली आहेत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र वाढत गेली. हप्ता वाढला नाही म्हणून त्यांच्या ते लक्षातही आले नाही.

आपल्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर नऊ टक्के झाला आणि तिथेच राहिला असे धरू. हप्ता 26,035 रुपयेच ठेवला तर 240 ऐवजी सुमारे 267 हप्ते भरावे लागतात, म्हणजे जवळपास सात लाख रुपये जास्त. त्याऐवजी मुदत 20 वर्षेच ठेवून हप्ता 26,992 रुपये केला तर जादा भरणा सुमारे 2 लाख 30 हजारांवर थांबतो. महिन्याला 957 रुपये जास्त देणे झेपत असेल, तर दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त आहे. दर नव्याने ठरताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच बजावले आहे. मंजुरीपत्रातल्या ‘दर बदलल्यास हप्ता किंवा मुदत बदलेल’ अशा वाक्याखाली भाषांतरकाराने हा हक्क आणि हे दोन आकडे टिपेत द्यावेत. टीप आपली आहे, बँकेची नाही, हे तिथे स्पष्ट लिहावे.

घरी किंवा एखाद्या जाणकाराकडून करून घेतलेले भाषांतर समजून घेण्यासाठी असते. वाद झाला तर सही केलेला करारच पाहिला जातो. म्हणून आणखी एक कागद मागून घ्यायलाच हवा, तो म्हणजे कर्जाच्या मुख्य तथ्यांचे विवरणपत्र. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्यातला मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे. सगळी शुल्के धरून पडणारा वार्षिक खर्चाचा दर आणि परतफेडीचा तक्ता त्यात असतो. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. गृहकर्जाच्या बाबतीत विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात.

तेव्हा सही करण्यापूर्वी शाखेत लेखी अर्ज द्या आणि हे विवरणपत्र मराठीत मागा. ते आपल्या भाषांतराशेजारी ठेवून दंड कशावर, किती काळासाठी आणि कुठल्या तारखेपासून, ही तीन उत्तरे जुळतात का ते तपासा. ती जुळत नसतील तर सही करू नका.