आठ मिलिमीटरचा फूट

फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच पलंग, कपाट कुठे बसेल याची चर्चा सुरू होते. हाताशी असतो तो बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या नकाशाचा, मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावर सामान मांडता येतं, पण आधी फोटो सरळ आहे का, हे तपासावं लागतं.

समजा, टू बीएचकेमधली मुलांची खोली १० फूट रुंद आणि ११ फूट लांब आहे. फोटो छापून पट्टी लावली, तर दाराकडची भिंत ८ सेंटिमीटर आणि समोरची खिडकीची भिंत साडेसात सेंटिमीटर भरते. दोन्ही भिंती प्रत्यक्षात दहा फुटांच्याच, म्हणजे फोन तिरका धरला गेला होता. अशा फोटोवर मापं काढली की एका टोकाला मावलेला पलंग दुसऱ्या टोकाला भिंतीत घुसतो. कागद सपाट ठेवून, फोन त्याला समांतर धरून, थोडं लांबून झूम करून फोटो पुन्हा काढावा. आता दोन्ही भिंती ८ सेंटिमीटर आणि लांबी ८.८ आली, तर हिशोब जुळला: एक फूट म्हणजे ८ मिलिमीटर.

याच मापाने पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे. तीन बाय साडेसहा फुटांचा सिंगल बेड २४ बाय ५२ मिलिमीटर होतो. कपाट दोन फूट खोल, म्हणजे १६ मिलिमीटर.

पहिली कल्पना बहुतेकांची एकच असते: दोन्ही बेडची डोकी उजव्या भिंतीला, मध्ये दोन फूट वाट आणि कपाट दाराच्या भिंतीला. बेड आणि वाट मिळून आठ फूट, कपाट दोन फूट. कपाटासमोर उरतो एकच फूट आणि दीड फुटी दरवाजा बेडवर आदळतो.

त्याऐवजी एक बेड खिडकीखाली उजव्या कोपऱ्यापासून आडवा आणि दुसरा उजव्या भिंतीलगत लांबीत लावला, तर काटकोन होतो. खिडकीच्या भिंतीचा साडेतीन फुटांचा डावा कोपरा अभ्यासाच्या टेबलाला मिळतो. दोन फूट टेबलाला, अडीच फूट खुर्चीला. त्यापुढे डाव्या भिंतीला कपाट. दाराची अडीच फुटी फळी उघडून याच भिंतीला टेकते, म्हणून कपाटाला चार फूट उरतात. पण ते पावणेचार फुटांचंच करावं, नाहीतर फळी कपाटाला घासेल. कपाट आणि समोरच्या बेडमध्ये पाच फूट मोकळे राहतात. खिडकीचा उजेड मात्र टेबलावर उजवीकडून येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर हाताची सावली पडेल, म्हणून दिवा डावीकडे हवा.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीही असतात: प्लास्टरची जाडी, छताखालची तुळई, स्विचबोर्ड. नकाशातलं माप प्लास्टरपूर्वीचं असेल, तर दोन्ही भिंती मिळून इंच-दोन इंच जातात. त्यामुळे सुताराला कपाटाचं माप देण्याआधी खोलीत टेप लावून भिंत तीन ठिकाणी मोजावी, जमिनीलगत, कमरेच्या उंचीला आणि वर, आणि त्यातलं सर्वांत लहान माप धरावं.