क्रियापद कुणाच्या बाजूचे?

सिद्धार्थाने घर सोडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीयांत पेटलेल्या तंट्यामुळे, असे धर्मानंद कोसंबींचे मत. ते सांगताना ‘कोसंबी दाखवून देतात’ लिहिले, की लेखकाने ते मत स्वीकारले. ‘युक्तिवाद करतात’ म्हटल्यास पुराव्यांची मांडणी मान्य होते, निष्कर्ष मात्र खुला राहतो. ‘दावा करतात’मध्ये शंका डोकावते. ‘नमूद करतात’ इथे चुकतेच, कारण ते निर्विवाद तपशिलाला शोभते आणि वादग्रस्त मताला नकळत वस्तुस्थिती ठरवते. पारख करायची तर पुढे ‘पण ते खरे नाही’ जोडून पाहावे. ‘दावा करतात’नंतर वाक्य सहज टिकते, ‘दाखवून देतात’नंतर लेखक स्वतःलाच खोडतो. विरोधी मतांना सरसकट ‘दावा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिथे खंडनाची कारणे द्यायला हवीत.