रीलची पोच अचानक आटली तर

समजा, केज तालुक्यातल्या ऊसतोडीच्या इन्स्टाग्राम रील्सना हजारोंनी व्ह्यूज यायचे आणि आता शंभरावर गाडी अडली. लगेच ‘शॅडोबॅन’ म्हणून बोंब नको. आधी इनसाइट्समध्ये व्ह्यूज कुणाचे ते पाहा. फॉलोअर्सचे पूर्वीइतकेच, पण बाहेरच्यांचे जवळपास शून्य, तर शिफारस थांबल्याचा संशय घ्यावा. दोन्ही घटले असतील, तर बहुधा रीलच रुचली नाही.

मग सेटिंग्जमधलं Account Status उघडा. शिफारशीची माहिती तिथे प्रोफेशनल खात्यांना डिसेंबर २०२२ पासून मिळते. उदाहरणार्थ, तंबाखूची भलामण करणारी रील फॉलोअर्सना दिसते, अनोळखींना सुचवली जात नाही. अशी एखादी रील Account Status मध्ये अडकलेली दिसली तर काढा, निर्णय चुकीचा वाटला तर फेरतपासणी मागा. मात्र सगळं हिरवं दिसलं, तरी पोच वाढेलच असं नाही.